कोपऱ्यातल्या खोलीचा टू-वे स्लॅब: केस ३ की केस ४? आणि टॉर्शनची जाळी नेमकी कुठे?

शिल्पा_सिव्हिल

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका निवासी इमारतीतल्या पॅनेलबद्दल मत हवं आहे. बीमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४.० मी. × ५.२ मी., स्लॅब १३० मिमी, एम२५, एफई५००, कव्हर २० मिमी, सगळीकडे ८ मिमी सळई. चारही बाजूंना २३० × ४५० चे बीम आहेत.

एक लांब बाजू बाहेरच्या भिंतीवर येते. तिच्या समोरच्या लांब बाजूला दुसरी बेडरूम आहे. एका आखूड बाजूला हॉल आणि दुसऱ्या आखूड बाजूला टॉयलेट, ज्याचा सन्कन स्लॅब ३०० मिमी खाली आहे.

मी आयएस ४५६:२००० च्या तक्ता २६ मधली केस ३ धरली, म्हणजे फक्त एक लांब कडा खंडित. ड्रॉइंग तपासणाऱ्या सरांनी त्यावर लाल पेनाने 'केस ४' लिहिलं आणि एका कोपऱ्याला गोल करून 'टॉर्शन स्टील?' असा प्रश्न टाकला. टॉयलेटकडेही स्लॅब आहेच, मग ती कडा खंडित कशी? आणि गोल केलेल्या कोपऱ्यात किती सळई, किती लांब?

आरसीसी_अण्णा

शिल्पाताई, तपासणाऱ्यांचं बरोबर आहे.

बीमच्या पलीकडे स्लॅब असणं आणि कडा सलग असणं या दोन वेगळ्या गोष्टी. कडा सलग म्हणायची तर वरची सळई बीमवरून सरळ पलीकडच्या स्लॅबमध्ये गेली पाहिजे आणि पलीकडच्या स्लॅबने तो हॉगिंग मोमेंट पेलला पाहिजे. तुमचा स्लॅब १३० चा आणि उतार ३०० चा. म्हणजे टॉयलेटच्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग तुमच्या स्लॅबच्या तळाच्याही १७० मिमी खाली आहे. दोन्हीकडच्या सळया एकमेकींना भेटतच नाहीत. तुमच्या स्लॅबचा मोमेंट घ्यायला उरतो तो फक्त बीम, आणि तोही पिळवटून. २३० चा बीम पिळाला फारसा कडक नसतो, थोडा तडकला की आणखी सैल होतो. मग आधारावर धरलेला मोमेंट स्लॅबच्या मध्यावर परत येतो, आणि तिथे तुम्ही सळई कमी ठेवलेली असते.

म्हणून बाहेरची लांब कडा आणि टॉयलेटची आखूड कडा, दोन्ही खंडित. लगतच्या दोन कडा खंडित म्हणजे केस ४. गुणोत्तर ५.२ / ४.० = १.३. फ्लोअर फिनिश १.२५ आणि लाइव्ह लोड २.० धरून:

```
w      = 1.5 x (3.25 + 1.25 + 2.0) = 9.75 kN/m2
w.lx^2 = 9.75 x 4.0^2 = 156 kNm/m

short, -ve : 0.065 x 156 = 10.14  -> Ast 230 mm2/m
short, +ve : 0.049 x 156 =  7.64  -> Ast 171
long,  -ve : 0.047 x 156 =  7.33  -> Ast 179
long,  +ve : 0.035 x 156 =  5.46  -> Ast 132 (min. 156)
```

आखूड दिशेला इफेक्टिव्ह डेप्थ १०६, लांब दिशेला ९८ घेतली आहे, कारण तिथली सळई दुसऱ्या थरात येते. तुमच्या केस ३ मध्ये आखूड दिशेचे गुणांक ०.०५७ आणि ०.०४४ आले असते, म्हणजे मध्यावर साधारण दहा टक्के कमी. तेवढ्याने स्लॅब पडत नाही. पण केस ३ मध्ये एकही कोपरा असा नाही जिथे दोन खंडित कडा भेटतात, त्यामुळे टॉर्शनची पूर्ण जाळी ड्रॉइंगमधून पूर्णच निसटते. खरं नुकसान तिथे आहे.

अंतिम_वर्ष

अण्णा सर, लांब दिशेच्या मोमेंटलाही तुम्ही ४.० चा वर्ग घेतलाय. तिथे ५.२ चा वर्ग यायला नको का? आणि टॉर्शन बीमला येतंय ना, मग स्टील बीमच्या रिंगांमध्ये वाढवायचं की स्लॅबमध्ये?

आरसीसी_अण्णा

दोन्ही दिशांना आखूड स्पॅनचाच वर्ग. तक्ता तसाच बांधलेला आहे. ५.२ चा वर्ग घेतलात तर ५.४६ ऐवजी ९.२ येईल आणि लांब दिशेला विनाकारण सळई जाईल.

नीट पाहिलंत तर लांब दिशेचे गुणांक गुणोत्तराबरोबर बदलतच नाहीत, कारण ते फक्त किती कडा खंडित आहेत यावरून ठरतात. सूत्र असं:

```
ay(+) = (24 + 2.nd + 1.5.nd^2) / 1000
ay(-) = 4/3 x ay(+)
```

यात nd म्हणजे खंडित कडांची संख्या. शून्य घातलं तर ०.०२४, चार घातलं तर ०.०५६. दोनला ०.०३४ येतं, तक्त्यात ०.०३५ छापलंय. हे सूत्र लक्षात असलं की तक्ता हाताशी नसतानाही उत्तर ढोबळमानाने तपासता येतं.

दुसरा प्रश्न. हे टॉर्शन बीमचं नाही, स्लॅबचं स्वतःचं आहे. वजन आलं की टू-वे स्लॅब बशीसारखा खोल जातो आणि त्याचे मोकळे कोपरे वर उचलू पाहतात. वर कॉलम, भिंत, पॅरापेट असल्यामुळे कोपरा उचलला जात नाही, आणि तो दाबून धरल्यामुळे कोपऱ्याजवळ स्लॅब पिळवटतो. बीमच्या रिंगांचा हिशोब वेगळा, तो इथे मिसळू नका.

बाळू_फिटर

साईटवर आम्ही कोपऱ्यात तिरप्या सळया टाकतो, ४५ अंशात. सरळ जाळीपेक्षा तिरपी सळईच कामाला येते, कारण तडा तिरपा जातो. आणि प्रत्येक कडेला एकाआड एक सळई क्रँक करून वर नेली की वरचं स्टील आपोआप मिळतं. वेगळी जाळी कशाला?

आरसीसी_अण्णा

बाळासाहेब, पहिलं अर्धं बरोबर आहे. तिरपी सळई चालते, पण वर आणि खाली तिची दिशा वेगळी लागते, आणि इथेच घोळ होतो.

वरच्या बाजूला तडा कोपरा कापून आडवा जातो, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे. त्यासाठी वरची सळई कोपऱ्यातून खोलीच्या मध्याकडे जाणारी हवी. खालच्या बाजूला तडा कोपऱ्यातून निघून मध्याकडे जातो, म्हणून खालची सळई त्याला काटकोनात, म्हणजे कोपरा कापणारी हवी. साईटवर दोन्हीकडे एकाच दिशेने तिरप्या सळया बांधलेल्या दिसतात, म्हणजे त्यातला एक थर निरुपयोगी. शिवाय तिरप्या प्रत्येक सळईची लांबी वेगळी, त्यामुळे कटिंग आणि बीबीएस दोन्ही किचकट. कडांना समांतर जाळी दोन्ही दिशा सांभाळते, म्हणून कोडमध्ये तीच सांगितली आहे.

क्रँकचं मात्र काळजीपूर्वक पाहा. दोन खंडित कडा भेटतात त्या कोपऱ्यात चार थर लागतात: वर दोन, खाली दोन. प्रत्येक थरात मध्यावरच्या कमाल मोमेंटला लागणाऱ्या सळईच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ०.७५ × १७१ = १२८ मिमी² दर मीटरला. आखूड दिशेला खाली ८ मिमी @ २५० दिली तर २०१ मिळतात. सगळ्या सळया सरळ बीमपर्यंत नेल्या तर खालच्या थराला वेगळं काहीच लागत नाही, आहे तीच जाळी पुरते. पण एकाआड एक क्रँक केली की कोपऱ्यात खाली उरतात १००. म्हणजे १२८ ला कमी आणि ०.१२ टक्क्याच्या किमान १५६ लाही कमी.

वरची बाजूही पुरत नाही. खंडित कडेवरचं नेहमीचं वरचं स्टील मध्याच्या निम्मं आणि कडेपासून फक्त ०.१ स्पॅन, म्हणजे ४० सेंमी. टॉर्शनला दोन्ही दिशांना आखूड स्पॅनचा पाचवा भाग लागतो, म्हणजे ८० सेंमी. तडा जातो तो बहुतेक या दोन अंतरांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे वर सळईच नसते.

माझं मत: खंडित कोपऱ्याजवळ क्रँक पूर्ण बंद. खालच्या सगळ्या सरळ, वरच्या वेगळ्या.

बाळू_फिटर

खालच्या सरळ, वरच्या वेगळ्या, हे मान्य. पण वरची जाळी काँक्रीट टाकताना खाली बसते त्याचं काय? पंपाचा पाइप आणि माणसं त्याच कोपऱ्यातून जातात.

आरसीसी_अण्णा

तिला स्वतःच्या खुर्च्या हव्यात. ८० × ८० सेंमीच्या जाळीला किमान चार, आणि त्यातली एक आतल्या मोकळ्या टोकाजवळ, कारण बीमकडची बाजू बीमच्या सळईवर टेकलेली असते, दबते ती आतली. १३० च्या स्लॅबमध्ये ही सळई ३० मिमी खाली बसली तर तिची डेप्थ १०६ वरून ७६ वर येते, म्हणजे ताकद पाव भागाहून जास्त गेली. काँक्रीट टाकायच्या आधी टेप खाली टेकवून शटरिंगपासून वरच्या सळईची उंची मोजा. डोळ्याने कळत नाही.

कोकणवाडी

इथे टॉर्शनचा विषय निघालाय म्हणून विचारतो. घर चिऱ्याचं आहे, बीम-कॉलम नाहीत, ३.६ × ४.५ चा एकच खोलीचा गच्ची स्लॅब थेट भिंतीवर. स्लॅबच्या खाली कोपऱ्याजवळ दोन्ही भिंतींवर आडवी फट आहे, कोपऱ्यात जास्त रुंद आणि आत बारीक होत जाते. टॉर्शनची जाळी नव्हती म्हणून हे झालं का? आता काही करता येईल?

शिल्पा_सिव्हिल

तुमचा स्लॅब बहुधा तक्ता २७ मधला आहे, म्हणजे चारही बाजूंना साधा टेकलेला आणि कोपरे मोकळे. त्याला टॉर्शन स्टील लागतच नाही ना, अण्णा?

आरसीसी_अण्णा

ताई, बरोबर. तक्ता २७ कोपरे उचलायला मोकळे आहेत असं धरतो. म्हणून गुणोत्तर १.३ ला तिथे आखूड स्पॅनचा गुणांक ०.०९३ आहे, आणि तक्ता २६ च्या केस ९ मध्ये, जिथे चारही कडा खंडित पण कोपरे धरलेले, तिथे ०.०७९. तो पंधरा टक्क्यांचा फायदा टॉर्शनच्या जाळीच्या बदल्यात मिळतो. केस ९ चा गुणांक घेऊन जाळी न देणं हा सगळ्यात वाईट मेळ.

कोकणवाडी दादा, कोपऱ्याशी रुंद आणि आत बारीक होणारी फट हे कोपरा उचलल्याचं लक्षण आहे. किती जोर असतो त्याचा अंदाज: ४ मीटरच्या चौरस स्लॅबवर ६.५ किलोन्यूटन प्रति चौ. मी. भार असेल तर इलॅस्टिक प्लेटच्या हिशोबाने एका कोपऱ्यावर ०.०६५ × ६.५ × १६, म्हणजे पावणेसात किलोन्यूटनच्या आसपास वर उचलणारा जोर येतो. जवळपास ७०० किलो. गच्चीवर नुसता हलका कठडा असेल तर तो कोपरा धरून ठेवायला पुरत नाही.

पण गच्चीचा स्लॅब उन्हाने फुगतो-आकसतो, त्यानेही आडवी फट पडते. ती सहसा भिंतीच्या पूर्ण लांबीभर एकसारखी जाते आणि भिंतीचा वरचा थर बाहेर सरकलेला दिसतो. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात, नुसत्या वर्णनावरून ठामपणे सांगता येणार नाही. गच्चीच्या वर जाऊन कोपरा कापणारा तिरपा तडा आहे का ते पाहा. तो नसेल तर कोपरा मोकळेपणाने उचलला गेलाय, स्लॅबला इजा नाही. फट लवचीक सीलंटने भरा. सिमेंटने घट्ट भरलीत तर शेजारी नवी पडेल.

कोकणवाडी

वर तिरपा तडा नाही. गच्ची पावसाआधी पांढऱ्या रंगाने रंगवली तर उन्हाचा भाग कमी होईल का, तेही पाहतो. धन्यवाद.

मस्कत_मंदार

मला अण्णांच्या एका गोष्टीवर शंका आहे. तक्ता २६ चे गुणांक आधार खाली दबत नाहीत असं धरून आहेत. आमच्याकडे फायनाइट एलिमेंटमध्ये प्लेट आणि बीम एकत्र सोडवतो. २३० × ४५० चा बीम ५.२ मीटरवर चांगलाच वाकतो, मग कोपऱ्यातला पीळ आणि मध्याचा मोमेंट दोन्ही तक्त्यापेक्षा वेगळे येतात. मी वुड-आर्मरने वरचं-खालचं स्टील काढतो, आणि मग पाऊण भाग, पाचवा भाग असले नियम लागत नाहीत. दुसरा पर्याय म्हणजे मॉडेलमध्ये स्लॅबचा टॉर्शनल स्टिफनेस शून्य करायचा. मग मध्याचा मोमेंट वाढतो आणि कोपऱ्यात काहीच द्यावं लागत नाही.

आरसीसी_अण्णा

मंदार, बीमच्या लवचीकतेबद्दल तुमचं बरोबर. ४५० खोल बीम १३० च्या स्लॅबला पुरेसा ताठ आहे असं मी धरतो. कन्सील्ड बीम असेल, म्हणजे स्लॅबच्याच जाडीतला, तर तक्ता २६ हातच लावायचा नाही, तिथे तुमचंच मॉडेल हवं.

पण स्टिफनेस शून्य करण्याशी मी सहमत नाही. कागदावर पीळ शून्य केला म्हणून काँक्रीटमधला पीळ जात नाही. मध्यावर सळई भरपूर असल्यामुळे स्लॅब पडणार नाही, तडा मात्र जाईल, आणि बाथरूमशेजारचा किंवा गच्चीचा कोपरा असेल तर तिथून गळती सुरू.

मस्कत_मंदार

ताकदीच्या दृष्टीने ते ग्राह्य आहे एवढंच म्हणतोय. तड्याचा मुद्दा मान्य, पण मग तो किमान स्टीलच्या जाळीने धरता येतो, पाऊण भागाचीच गरज नाही. या पॅनेलमध्ये तर किमान १५६ आणि पाऊण भाग १२८. म्हणजे किमान जाळी वर ८० सेंमीपर्यंत नेली की दोघांचंही समाधान.

आरसीसी_अण्णा

या पॅनेलपुरतं हो. जड भाराच्या पॅनेलमध्ये पाऊण भाग किमानच्या दुप्पट येतो, तिथे हा युक्तिवाद टिकणार नाही.

शिल्पा_सिव्हिल

मग मी असं काढते, कोणी तपासेल का?

बाहेरची भिंत आणि टॉयलेटचा बीम भेटतो तो कोपरा पूर्ण टॉर्शनचा. वर ८ मिमी @ २५०, दोन्ही दिशांना चार-चार सळया, बीमच्या आतल्या कडेपासून ८०० आत. बीममध्ये २०० जाऊन २०० खाली वळवली, म्हणजे कटिंग लांबी १.२ मी. आठ सळया, ९.६ मी., ३.८ किलो. एम२५ मध्ये एफई५०० ची ८ मिमी सळई ३८८ मिमी अँकरेज मागते, इथे ४०० मिळतात.

शेजारचे दोन कोपरे, म्हणजे बाहेरची भिंत-हॉल आणि टॉयलेट-दुसरी बेडरूम, निम्म्या टॉर्शनचे. १२८ चे निम्मे ६४. चौथा कोपरा दोन्हीकडून सलग, तिथे काही नाही. निम्म्या कोपऱ्यांत वेगळी जाळी द्यायची का?

आरसीसी_अण्णा

पूर्ण कोपऱ्याचं बरोबर. फक्त कॉलम कोपऱ्यातच आहे, तेव्हा पहिल्या एक-दोन सळया कॉलमच्या मुख्य सळयांवर आदळतील. त्या कापू देऊ नका, कॉलमच्या गाभ्यात वळवा किंवा शेजारी सरकवा. पहिली सळई बीमच्या आतल्या कडेपासून ५० वर ठेवलीत तर ५०, ३००, ५५०, ८०० अशी बसते.

निम्म्या कोपऱ्यांत वेगळी जाळी नको. हॉलच्या कोपऱ्यात एका दिशेला हॉलच्या आधारावरची वरची सळई आहेच. दुसऱ्या दिशेला बाहेरच्या कडेची वरची सळई आहे, ८ मिमी @ २९० दिलीत तर १७३, फक्त तिची लांबी ४०० आहे. कोपऱ्याच्या ८० सेंमी पट्ट्यात तीच ८०० करा. टॉयलेट-बेडरूम कोपऱ्यातही तसंच: टॉयलेटच्या कडेवरची वरची सळई ५२० ऐवजी ८००. ६४ ची गरज सहज भागते.

एक गोष्ट ड्रॉइंगमध्ये ठळक लिहा. आधारावरची सळई काढताना बरेच ड्राफ्ट्समन ती मधल्या तीन चतुर्थांश पट्ट्यातच थांबवतात, कारण तक्त्याचे मोमेंट त्याच पट्ट्याचे आहेत. मग बाजूच्या एक अष्टमांश पट्ट्यात, म्हणजे नेमक्या निम्म्या कोपऱ्यात, वर काहीच उरत नाही. निदान किमान सळई तिथेही चालू ठेवा.

आणि बेडरूमच्या सामाईक आधारावर पलीकडच्या पॅनेलचा हॉगिंग मोमेंटही काढा. तुमच्या बाजूने २३० लागतात, ८ मिमी @ २०० ने २५१ मिळतात. पलीकडून जास्त आला तर तो द्या. या पद्धतीत मोमेंट इकडून तिकडे वाटायची मुभा नाही.

अंतिम_वर्ष

एक शेवटचं. टॉयलेट ३०० ऐवजी ७५ नेच खाली असेल, किंवा बाल्कनी ५० ने, तर कडा सलग धरायची का?

मस्कत_मंदार

५० ला मी सलग धरतो. सळई बीमच्या रुंदीत हलक्या उताराने खाली नेता येते.

आरसीसी_अण्णा

बाल्कनी कँटिलिव्हर असेल तर मी ५० लाही थांबतो. तिचा मोमेंट तुमच्या स्लॅबला धरून ठेवतो तो फक्त तिच्या स्वतःच्या वजनाचा, लाइव्ह लोड नेहमी नसतो. ती १ मीटरची असेल तर ते पुरत नाही, म्हणून मी कडा खंडितच धरतो आणि वरची सळई बाल्कनीच्या गरजेची देतो. ७५ च्या टॉयलेटबद्दल मात्र दोन्ही मतं ऐकली आहेत. २३० च्या बीममध्ये ७५ उतरायचं म्हणजे साधारण तीनास एक उतार, आणि त्या वळणावर सळई बीमच्या वरच्या सळयांच्या खाली जाते की वर राहते ते फिटरवर अवलंबून.

बाळू_फिटर

वरच ठेवतो साहेब, पण मग टॉयलेटच्या बाजूला कव्हर उरत नाही. ७५ ला वेगळी सळई टाकून दोन्ही बाजूंनी बीममध्ये वळवणंच सोपं पडतं.

शिल्पा_सिव्हिल

म्हणजे बाळूदादांच्या पद्धतीने बांधलं तर ७५ लाही कडा खंडितच झाली. या मजल्यावर पूर्वेकडच्या दोन फ्लॅटमध्ये युटिलिटी ७५ ने खाली आहे. तिथलेही कोपरे आता पुन्हा काढते.